विंचरलेली लोकर आणि पिंजलेली लोकर

लग्नसराईत सुटाचं कापड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: "शंभर टक्के वूल म्हणता, मग इतकं पातळ कसं?" दुकानदार सहसा किमतीकडे बोट दाखवतो किंवा 'इंपोर्टेड क्वालिटी' म्हणून वेळ मारून नेतो. गिऱ्हाइकाची शंका रास्त असते. त्याच्या घरातला ट्वीडचा जुना कोट शंभर टक्के लोकरीचा आहे, आजोबांचं घोंगडंही लोकरीचंच. ती दोन्ही जाड, केसाळ आणि हाताला खरखरीत. समोर काउंटरवर पसरलेलं कापड मात्र गुळगुळीत, थंडगार आणि मुठीत मावेल इतकं तलम.

तिन्ही कापडं लोकरीचीच आहेत. त्यांच्यातला थोडा फरक मेंढीच्या जातीचा, पण मोठा फरक पडतो सूत कातण्याच्या आधी. लोकर फक्त पिंजून कातली तर जे सूत मिळतं त्याला गिरणीत वुलन म्हणतात. पिंजल्यावर ती विंचरून, केस न् केस सरळ करून कातली तर ते वर्स्टेड. इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या वर्स्टेड नावाच्या गावावरून हे नाव आलं. ठाण्याच्या पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी 1925 मध्ये सुरू झाली. 1944 मध्ये सिंघानियांनी ती घेतली तेव्हा तिथून मुख्यतः जाडीभरडी ब्लँकेटं आणि स्वस्त लोकरी कापड निघत असे. पुढे तिचं नाव झालं ते वर्स्टेड सुटिंगमुळे. म्हणजे हे दोन्ही प्रकार एकाच गिरणीने पाहिले.

कातरून आलेल्या लोकरीत चरबी, घाम, माती आणि काटेकुटे असतात. ती आधी गरम पाण्यात धुतात आणि मग बारीक तारांचे दात असलेल्या रुळांमधून काढतात. हे कार्डिंग, म्हणजे पिंजणंच. त्यातून गुंते सुटतात आणि लोकरीचा एक पातळ, जाळीदार पापुद्रा तयार होतो. इथपर्यंत दोन्ही वाटा जवळपास सारख्या आहेत.

वुलनची वाट इथून फार छोटी. त्या पापुद्र्याच्या अरुंद पट्ट्या करतात, पट्ट्या चामड्याच्या पट्ट्यांमध्ये घोळवून त्यांच्या मऊ वळ्या बनवतात, त्या जराशा ताणतात, पीळ देतात आणि सूत तयार. पापुद्र्यात केस जसे आडवेतिडवे पडलेले होते तसेच ते सुतात जातात. काही उभे, काही वळलेले, काही दुमडलेले, बरेचसे एक टोक बाहेर काढून बसलेले. आखूड केसही चालतात, किंबहुना या पद्धतीला तेच मानवतात.

वर्स्टेडची वाट लांबलचक आहे. पिंजलेल्या लोकरीची दोरीसारखी पट्टी अनेकदा दातेरी यंत्रांतून ओढून केस एका दिशेला आणतात आणि मग ती विंचरणाऱ्या यंत्रात जाते. हे यंत्र लांब केस धरून ठेवतं आणि आखूड केस, गुठळ्या, काट्यांचे तुकडे झाडून काढतं. मेरिनोची चांगली लोकर असेल तर शंभर किलोंमागे साधारण पाच ते दहा किलो अशी बाहेर पडते. तिला नॉइल म्हणतात. उरलेल्या सरळ, समांतर केसांच्या जाड पेळूला टॉप्स. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम माणसं हाताने करत. लांब दातांच्या फण्या कोळशाच्या शेगडीवर तापवायच्या, लोकरीला तेल लावायचं आणि तासन्‌तास विंचरत राहायचं. यंत्रं आली आणि ब्रॅडफर्डचे हे कारागीर बघता बघता बेकार झाले.

टॉप्सचे पेळू एकत्र करून पुन्हा पुन्हा ओढतात, बारीक करतात, मग भरपूर पीळ देऊन कातात. सुटिंगसाठी बहुतेक वेळा असे दोन धागे एकत्र पिळतात. मागे राहिलेलं नॉइल फुकट जात नाही. ते वुलनवाल्याकडे जातं. त्यामुळे एकाच मेंढीच्या पाठीवरचे लांब केस सुटात आणि आखूड केस ओव्हरकोटात, असं खुशाल होऊ शकतं. नॉइलमध्ये वाईट काही नसतं, ते फक्त आखूड असतं.

आता गुळगुळीतपणाचं पाहू. वर्स्टेड सुतात केस लांब, सरळ आणि पिळाने जखडलेले असल्यामुळे बाहेर डोकावणारी टोकं थोडी असतात. विणलेल्या कापडावर वीण स्वच्छ उठून दिसते, गॅबर्डिनच्या तिरप्या रेघा मोजता येतात, इस्त्रीची धार टिकते. गिरणी वर उरलेली लवही जाळून किंवा कातरून काढते. वुलन कापडात उलट. वीण लवेखाली झाकली जाते, रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. ट्वीडच्या एकाच धाग्यात तपकिरी, हिरवा, गंजासारखा असे चार रंग दिसतात, कारण लोकर आधी रंगवून मग एकत्र पिंजलेली असते. ट्वीडची सगळी शोभा या विस्कटलेपणात आहे. वर्स्टेडवाल्यांनी ती साधायचा प्रयत्न केला की ते कापड मला नेहमी रंगवलेल्या चित्रासारखं खोटं वाटतं.

हा फरक बघायचा असेल तर स्नूकरचं टेबल पाहा. त्यावरचं कापड वुलन सुताचं असतं आणि त्याची लव मुद्दाम एका दिशेला बसवलेली असते. टेबल रोज ब्रश करतात, इस्त्री करतात, तेही त्याच दिशेने. लवेच्या उलट दिशेने सावकाश जाणारा चेंडू शेवटी किंचित बाजूला सरकतो आणि मुरलेला खेळाडू हे गृहीत धरूनच मारतो. अमेरिकी पूलच्या टेबलावर हल्ली बिनलवेचं वर्स्टेड कापड ताणलेलं असतं. त्यावर चेंडू जास्त वेगाने धावतो आणि दिशेची भानगड राहत नाही.

गुळगुळीत आणि अंगाला न टोचणारं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकर टोचते ती मुख्यतः जाड केसांच्या ताठ टोकांमुळे. केसाची जाडी साधारण तीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या तेहतिसाव्या भागाच्या, वर गेली की त्याचं टोक त्वचेवर वाकत नाही, रुततं. अशी टोकं शेकडा पाचपेक्षा जास्त झाली की बहुतेकांना खाज जाणवते. म्हणून बारीक मेरिनोचं वुलन सूत गळ्याला मऊ लागेल आणि जाड लोकरीचं वर्स्टेड मांडीला टोचेल. सुटिंगच्या किनारीवर 'सुपर 100', 'सुपर 120' असं विणलेलं असतं, ते केसाच्या बारीकपणाचं माप आहे. सुपर 100 म्हणजे केसाची सरासरी जाडी 18.75 मायक्रॉनपर्यंत, सुपर 120 म्हणजे 17.75 पर्यंत. आकडा वाढला की कापड तलम होतं, पण नाजूकही होतं. रोज ऑफिसला घालायच्या पँटसाठी सुपर 150 घेणं ही हौस आहे, शहाणपण नव्हे.

वर्स्टेडच्या गुळगुळीतपणाला एक शापही आहे. बसून बसून पँटच्या मागच्या बाजूला आणि कोपरांना चकाकी येते. आधीच सपाट असलेला पृष्ठभाग घासून आणखी सपाट होतो आणि प्रकाश सरळ परत फेकतो. वुलन कापडाला हे होत नाही. त्यावर गोळे येतात आणि ते खुडावे लागतात.

सुताच्या ताकदीचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. वर्स्टेड सुताच्या आडव्या छेदात पस्तीस-चाळीस केस असले तरी ते कातता येतं. वुलनला त्याच जागी शंभराच्या वर केस लागतात, कारण आखूड, आडवेतिडवे केस एकमेकांना नीट धरत नाहीत. त्यामुळे वुलन सूत फार बारीक होऊ शकत नाही. आपल्याकडच्या घोंगडीचं सूत हे हाताने कातलेलं वुलनच. धनगर बायका दख्खनी मेंढ्यांची पिंजलेली लोकर चरख्यावर कातत आल्या आहेत आणि सनगर, खुटेकर ते सूत मागावर चढवतात. चढवण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. खळ नसेल तर धागे एकमेकांवर घासून फुगतात, अडकतात आणि तुटतात. वर्स्टेडचा दुपिळी ताणा हा त्रास फारसा देत नाही.

ऊब कुठून येते? लोकरीच्या केसापेक्षा त्याच्या आसपास अडकलेल्या हवेतून. लोकर स्वतः उष्णतेला बऱ्यापैकी अडवते, पण स्थिर हवा तिच्याहून कितीतरी जास्त अडवते. कापडाचं काम म्हणजे ती हवा हलू न देणं. वुलन सुतात केस सैल आणि वाकडेतिकडे असल्याने आतच पोकळ्या राहतात, वर लव उठलेली असते. वजनाच्या मानाने कापड जाड होतं आणि जाडी वाढली की ऊब वाढते. लव काढलेल्या चांगल्या ब्लँकेटच्या आकारमानात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. घट्ट विणलेल्या वर्स्टेड सुटिंगमध्येही निम्म्याहून जास्त हवा असते, पण कापडच अर्धा मिलिमीटर जाड, तर तिचा थर तो किती असणार! काउंटरवर ते हाताला थंड लागतं याचंही कारण हेच. सपाट पृष्ठभाग तळव्याला पूर्ण टेकतो आणि उष्णता पटकन ओढून घेतो. लवेच्या कापडाला तळवा फक्त टोकांवर टेकतो.

याचा अर्थ वर्स्टेड कमअस्सल असा नाही. मुंबई-पुण्याच्या हवेत ओव्हरकोटाची ऊब घेऊन करणार काय? उन्हाळी सुटांसाठीचं 'ट्रॉपिकल' कापड हे साध्या विणीचं, जरा उघडं, भरपूर पिळाच्या वर्स्टेड सुताचंच असतं. त्यातून वारा खेळतो. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तृतीयांश इतकी वाफ पिऊनही ओली लागत नाही, त्यामुळे घाम अंगाला चिकटत नाही. उलट थंडीत वारा सुटला तर सैल विणीचं वुलन कापड निकामी ठरतं. वाऱ्याने आतली हवाच बदलत राहते, मग ऊब कसली? तिथे हवं असतं आटवून घट्ट केलेलं वुलन, आणि तिथून आपण तिसऱ्या मुद्द्याशी येतो.

लोकर आटते कशी ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात घरोघरचे स्वेटर बळी गेले आहेत. लोकरीच्या केसावर सूक्ष्मदर्शकाखाली कौलांसारखे खवले दिसतात. त्यांची तोंडं टोकाच्या दिशेने असतात. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर केस निसटतो, टोकाकडून मुळाकडे फिरवलं तर अडतो. पावसाळ्यानंतर माळावरून चालताना धोतरात किंवा साडीच्या निऱ्यांत शिरलेलं कुसळ आठवा. हालचाल कुठलीही करा, ते एकाच दिशेने वर चढतं, मागे येत नाही. ओल्या, कोमट पाण्यात लोकरीचा केस असाच वागतो. पाण्याने तो फुगतो आणि लवचिक होतो, साबणाने निसरडा होतो. मग चोळणं, आपटणं, यंत्रात घुसळणं सुरू झालं की प्रत्येक केस आपल्या मुळाच्या दिशेने थोडा थोडा सरकत जातो, वाटेत दुसऱ्यांत गुंततो आणि त्यांना आपल्याबरोबर ओढून घेतो. कापड लांबी-रुंदीला कमी होतं आणि जाडीला वाढतं. नुसत्या गरम पाण्याने हे होत नाही, घुसळण लागते. म्हणून न हलवता भिजत ठेवलेला स्वेटर बहुधा वाचतो आणि यंत्रात टाकलेला मरतो.

आता दोन्ही सुतं यात टाका. वुलन सुतातले केस आखूड, सैल, टोकं मोकळी. सरकायला वाव भरपूर, दिशाही मिश्र, त्यामुळे गुंता पटकन होतो. वर्स्टेडमधले केस लांब, दोन्हीकडून पिळाने दाबलेले आणि वर घट्ट विणीत पकडलेले. सरकणार कुठे? म्हणून एकाच लोकरीची दोन कापडं सारख्याच घुसळणीतून काढली तर वुलन कितीतरी अधिक आटतं.

वुलन कापडाचे कारागीर या दोषाचं भांडवल करत आले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर हॅरिस ट्वीड विणलं जातं. 1993 च्या ब्रिटिश कायद्यानुसार ते बेटांवरच रंगवून कातलेल्या नव्या लोकरीचं आणि बेटवासीयांनी आपल्या घरी विणलेलं असावं लागतं. पूर्वी मागावरून उतरलेलं सैल, तेलकट कापड बायका लांब फळीभोवती समोरासमोर बसून भिजवत आणि गाण्याच्या ठेक्यावर आपटत, घोळवत. शिळ्या मूत्रातला अमोनिया तेव्हा साबणाचं काम करी. कापड किती आटलं ते मधोमध मापून बघत आणि हवं तेवढं झालं की थांबत. आज हे काम गिरणीत यंत्रं करतात, पण मापून थांबणं सुटलेलं नाही. इंग्लंडचं जुनं ब्रॉडक्लॉथ तर मागावर तयार रुंदीच्या दीडपटीहून अधिक रुंद विणत आणि आटवून खाली आणत. त्यातून वीण दिसेनाशी होई, कापड घट्ट आणि वारा अडवणारं बने. मेल्टन नावाचं ओव्हरकोटाचं कापड आजही असंच करतात. त्याची कापलेली कड उसवत नाही, शिंप्याने दुमडून शिवली नाही तरी चालते.

वर्स्टेडला एवढं आटवून काही फायदा नसतो. त्याची वीण दिसणं हाच त्याचा गुण, तो गमावून बसायचं कशाला? फार तर वर्स्टेड फ्लॅनेलसारख्या कापडाला हलकं आटवून जराशी लव आणतात.

पण यावरून 'वर्स्टेड आहे, आटणार नाही' असा निष्कर्ष काढणारे फसतात. मऊ मेरिनो स्वेटरचं सूत बऱ्याचदा वर्स्टेड पद्धतीनेच कातलेलं असतं. तरी तो यंत्रात टाकला की पोराच्या मापाचा होतो. कारण विणकामाचे फास सैल असतात, सुताला पीळ कमी असतो आणि बारीक मेरिनो केस जाड केसापेक्षा अधिक आटतो. सूत कुठलं हा निम्मा प्रश्न, कापड किती घट्ट आणि केस किती बारीक हा उरलेला निम्मा. 'मशीन वॉशेबल' लिहिलेल्या लोकरीत गिरणीने आधीच क्लोरीनची प्रक्रिया करून खवल्यांची धार मारलेली असते आणि वर राळेचा पातळ थर चढवलेला असतो. ते खवले पुन्हा अडकत नाहीत.

धुतलेलं कापड लहान झालं तर घाबरण्याआधी वीण बघा. धागे अजून वेगळे दिसत असतील तर कापडाने गिरणीतला ताण सोडला आहे, एवढंच. ओलसर वाफेची इस्त्री देऊन, हळुवार ताणून ते बऱ्यापैकी परत येतं. वीण पुसट झाली असेल, कापड जाड आणि ताठ लागत असेल आणि कडेचा धागा ओढला तरी सुटत नसेल, तर केस एकमेकांत गुंतले आहेत. ते पुन्हा सुटत नाहीत. केसांचा कंडिशनर लावून स्वेटर लांब करायचे उपाय सांगितले जातात. त्यांनी मऊपणा येतो, माप येत नाही.

सूट घरी धुवायला वर्स्टेडमधली लोकर फारशी आड येत नाही, आड येतात आतली अस्तरं. कापड, कॅनव्हास आणि चिकटवलेलं अस्तर वेगवेगळ्या मापाने आटतात आणि छातीवर फुगे येतात. म्हणून तो ड्रायक्लीनला द्यायचा. ट्वीडचा कोट मात्र लोकरीमुळेच पाण्यात घालायचा नाही.

दुकानात खात्री करायची सोपी पद्धत आहे. कापडाच्या कापलेल्या कडेचा एक धागा मागून घ्या आणि नखांत धरून उलट पिळा. दोन धागे वेगळे झाले, त्यातला प्रत्येक उकलला तर सरळ, एका लांबीचे, शेजारी शेजारी पडलेले केस दिसले आणि ते ओढून तोडायला जोर लागला, तर ते वर्स्टेड. उकलताच धागा भुसभुशीत होऊन हलक्या ओढीने तुटला आणि हातात आखूड केसांचा पुंजका आला, तर वुलन. मग कापड उजेडासमोर धरून वीण किती घट्ट आहे ते पाहा. वर्षभर घालायचा ऑफिसचा सूट हवा असेल तर सुपर 100 ते 120 मधलं घट्ट विणीचं वर्स्टेड घ्या. सिमल्याला किंवा परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलासाठी कोट हवा असेल तर गुळगुळीतपणावर भुलू नका, आटवून घट्ट केलेलं वुलन मागा आणि त्याला वॉशिंग मशीनपासून लांब ठेवायचं हे मुलाला आधीच सांगून ठेवा.